व्हिएतनामी डिस्चार्ज पेपर मराठीत करताना: औषधांच्या सात ओळी

व्हिएतनामच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली की हातात एकच कागद येत नाही. एक ‘ज्याय् रा व्हियेन’, म्हणजे सुट्टीचा दाखला. त्यावर निदान, उपचार आणि खाली सूचनांच्या दोनचार ओळी असतात. दुसरा प्रिस्क्रिप्शनचा, ‘दोन् थुओक्’. मागितला तर तिसरा, केसपेपरचा सारांश. लोक बहुतेक वेळा पहिला कागद फोटो काढून पाठवतात आणि म्हणतात, एवढं मराठीत करून द्या. त्यावर लाल शिक्का असतो, तो महत्त्वाचा वाटतो. औषधांचा तपशील मात्र सहसा दुसऱ्याच कागदावर असतो. म्हणून या कामात पहिलं वाक्य लिहिण्याआधी मी प्रिस्क्रिप्शन मागवते, आणि घरात शिल्लक असलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटोही.

व्हिएतनामी मी हनोईत नोकरीला असताना शिकले. आता नागपुरातूनच अनुवाद करते. बहुतेक कामं करारांची आणि मशीनच्या मॅन्युअलची. पण हल्ली इकडून दा नांगला फिरायला जाणारे वाढलेत, आणि फिरायला गेलेल्यांतले काही तिथेच आजारी पडतात. या प्रकारच्या कामात जे नवे येतायत त्यांच्यासाठी एक केस सविस्तर सांगते. माणसाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

साठीच्या आतले एक काका, दा नांगमध्ये हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. नागपुरात परतल्यावर धंतोलीतल्या हृदयरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी होती. डॉक्टरांसाठी इंग्रजी अनुवाद दुसऱ्या कोणाकडून झालेला होता. मराठी हवं होतं काकूंना, कारण गोळ्यांचा डबा त्या भरणार होत्या. हे आधी विचारून घ्यायचं: मराठी प्रत कोण वाचणार? डॉक्टर वाचणार असतील तर निदानाच्या शब्दांवर वेळ घालवा. घरातली बाई वाचणार असेल तर निदान दोन ओळींत सरळ लिहा आणि सगळा जीव औषधांच्या ओळींत ओता.

निदानाचं लवकर आटोपतं, कारण व्हिएतनामी कागदावर त्याच्याशेजारी आंतरराष्ट्रीय आयसीडी-१० चा कोड छापलेला असतो. इथे तो आय २१.० होता, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा तीव्र झटका. आपण लावलेला अर्थ कोडशी जुळला की पुढे जायचं. जुळला नाही तर कोड बरोबर आणि आपण चूक असंही धरायचं नाही, थांबून विचारायचं.

आता सात औषधं. कागदावर प्रत्येक औषधाच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत नाव, ताकद आणि उजवीकडे एकूण गोळ्या. खालच्या ओळीत कधी, किती. नावं बहुतेक मूळ घटकाची असतात आणि कंपनीचं नाव कंसात. हे आपल्या सोयीचं आहे, कारण घटकाचं नाव दोन्ही देशांत तेच राहतं: टिकाग्रेलॉर, रोसुव्हास्टॅटिन, बिसोप्रोलॉल. कंपनीच्या नावावरून औषध ओळखायचा मोह टाळा. तेच ब्रँडनाव दुसऱ्या देशात वेगळ्या घटकाला असू शकतं. मी मराठी तक्त्यात घटकाचं नाव देवनागरीत लिहिते आणि त्याच्याच खाली मूळ कागदावरची रोमन अक्षरं जशीच्या तशी उतरवते. काकू पाकिटाशी अक्षरं जुळवून बघतात, औषधाच्या दुकानातला मुलगाही तेच करतो. नुसतं देवनागरी दिलं तर त्या मुलाला उच्चारावरून स्पेलिंगचा अंदाज करावा लागतो, आणि औषधांच्या नावांत एकदोन अक्षरांच्या फरकाने वेगळीच गोळी येते.

आकड्यांत दोन सापळे आहेत आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. व्हिएतनामीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. बिसोप्रोलॉल ‘२,५’ म्हणजे अडीच मिलिग्रॅम. स्वल्पविराम पुसट आला, किंवा टाइप करताना सुटला, की पंचवीस होतात. याउलट दवाखान्यात दिलेल्या एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनसमोर ‘६.०००’ आणि पुढे ‘०,६’ मिली असं होतं. एकाच ओळीत टिंब हजाराचं आणि स्वल्पविराम दशांशाचा. सहा हजार युनिट, शून्य दशांश सहा मिली. सवयीने वाचलं तर सहा युनिट वाटतात. म्हणून अशा आकड्यांसमोर मी अक्षरी आकडाही लिहिते. ‘युनिट’ हा शब्दही पूर्ण लिहावा, आद्याक्षरात नाही.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडची. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 घाईत सारखे दिसतात. पाकिटावर आकडे इंग्रजी असतात. त्यामुळे मिलिग्रॅमचा आकडा मी पाकिटावर आहे तसा इंग्रजीतच ठेवते, आणि गोळ्यांची संख्या आकड्यात न लिहिता शब्दात: एक गोळी, अर्धी गोळी. दोन्ही आकडे एकाच ओळीत अंकांत आले की वाचणारा मिलिग्रॅमला गोळ्या समजू शकतो.

खालच्या ओळीची रचना नीट समजून घ्या. टिकाग्रेलॉरसमोर होतं: दिवसाला २ गोळ्या, २ वेळांत विभागून. म्हणजे सकाळी एक, रात्री एक. शब्दामागे शब्द ठेवून ‘दोन गोळ्या दोन वेळा’ लिहिलं तर काकू दिवसाला चार देतील, आणि हे रक्त पातळ ठेवणारं औषध आहे. मी ‘दिवसातून दोनदा’ असंही लिहीत नाही. तक्त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे रकाने करते आणि प्रत्येकात गोळी किंवा आडवी रेघ. रिकामा रकाना सोडायचा नाही, नाहीतर लिहायचं राहिलं की द्यायचं नाही हे कळत नाही.

वेळांबद्दल. व्हिएतनामी ‘च्युआ’ म्हणजे भर दुपार, जेवणाची वेळ. ‘च्येउ’ तिथून सूर्य मावळेपर्यंत. ‘तोय’ त्यानंतरची रात्र. शब्दकोश पहिल्या दोन्हींना ‘दुपार’ देतो. काकांना ॲस्पिरिन ‘च्युआ’ला जेवणानंतर होतं, आणि नायट्रोग्लिसरीनची दुसरी गोळी ‘च्येउ’ला. दोन्ही दुपारच्या रकान्यात टाकल्या असत्या तर सकाळच्या आणि दुसऱ्या नायट्रोग्लिसरीनमधलं अंतर बदललं असतं. मी ती संध्याकाळच्या रकान्यात ठेवली आणि शेजारी मूळ शब्दाचा कालावधी लिहिला, म्हणजे नेमकी वेळ डॉक्टर ठरवतील. टिकाग्रेलॉरसमोर ८ आणि २० असे तास दिलेले होते, ते सरळ: सकाळी आठ, रात्री आठ. मात्र व्हिएतनाममध्ये आठपर्यंत जेवणं आटोपलेली असतात आणि नागपुरात कित्येक घरी तेव्हा कणीक भिजत असते. म्हणून वेळ ही वेळ आणि जेवण हे जेवण, वेगवेगळ्या रकान्यांत.

नायट्रोग्लिसरीनसाठी क्रियापद होतं ‘उओंग’. शब्दशः पिणे, पण औषधाच्या ओळीत त्याचा अर्थ तोंडाने घेणे, गिळणे. जिभेखाली ठेवायला त्या भाषेत वेगळा शब्द आहे. काकू म्हणाल्या, “ही छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात तीच ना, ताई?” त्यांच्या सासऱ्यांना तशी गोळी होती. ही मात्र गिळल्यावर हळूहळू विरघळणारी होती, पाकिटावर तसं छापलेलंही होतं. तक्त्यात मी लिहिलं: पाण्यासोबत अख्खी गिळायची.

सगळं लिहून झालं की माझी एक तपासणी असते, ती कोणत्याही भाषाज्ञानापेक्षा जास्त चुका पकडते. उजवीकडच्या एकूण गोळ्यांना रोजच्या गोळ्यांनी भागायचं. व्हिएतनामी कागदावर दहाच्या आतल्या संख्येआधी शून्य लिहितात, ०५ म्हणजे पाचच, हे ध्यानात ठेवा. इथे टिकाग्रेलॉर ६०, रोज दोन: तीस दिवस. ॲस्पिरिन ३०, रोज एक: तीस. बिसोप्रोलॉल १५, रोज अर्धी: तीस. फेरतपासणी एका महिन्याने लिहिलेली, म्हणजे जुळलं. टिकाग्रेलॉर दिवसाला चार असं वाचलं असतं तर भागाकार पंधरावर आला असता आणि तिथेच कळलं असतं.

पॅन्टोप्राझोल मात्र जुळेना. रोज एक, आणि एकूण १४. चौदा दिवसांनी बंद करायची, की पुढची नंतर घ्यायची? कागदावर काहीच नव्हतं. अशा ठिकाणी आपल्याला काय योग्य वाटतं ते लिहायचं नाही. मी तळटीप दिली: ‘मूळ कागदावर १४ गोळ्या. त्यानंतर काय करायचे याचा उल्लेख नाही. डॉक्टरांना विचारावे.’ अनुवादकाची टीप आहे हे स्पष्ट दिसावं म्हणून ती चौकोनी कंसात.

बिसोप्रोलॉलचा प्रश्न वेगळा. ‘अर्धी गोळी’ हा डोस नाही. अडीच मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी म्हणजे सव्वा मिलिग्रॅम. इथल्या दुकानातून पाच मिलिग्रॅमची पट्टी आणून तिची अर्धी घेतली की डोस दुप्पट. म्हणून अर्ध्या गोळीपुढे ताकद पुन्हा लिहायची, वरच्या ओळीत आहे म्हणून सोडायची नाही.

ॲस्पिरिनवरून फोन आलाच. व्हिएतनाममध्ये ८१ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, आपल्याकडे ७५ ची. “ताई, हे एक्क्याऐंशी तर भेटतच नाही इथं. पंच्याहत्तरची चालते म्हणे दुकानवाला. तुम्ही कागदावर तसंच करून द्या ना.” मी म्हटलं, “काकू, कागदावर ८१ आहे तर मी ८१ च लिहिणार. अपॉइंटमेंटपर्यंतच्या गोळ्या आहेत ना? मग बदलायचं ते डॉक्टरच बदलतील.” होत्या. संपत आल्या असत्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं असतं, कारण स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर घेण्यात खंड पडणं धोक्याचं. सुट्टीच्या कागदावरही ‘स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये’ अशी ओळ होती. मराठीत ‘शक्यतो’ लावून अशी ओळ मऊ करायची सवय असते आपल्याला. तो ‘शक्यतो’ मूळात नाही.

रक्ततपासण्यांचे आकडे तिथे वेगळ्या मापात असतात. साखर ७,८ मिलिमोल. आपल्या मापात ती साधारण १४०, कारण १८ ने गुणावं लागतं. घरातलं कोणी नुसतं ७.८ बघून ते तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं समजू शकतं. क्रिएटिनिन ९२ मायक्रोमोल बघून तर घाबरगुंडीच उडते. ८८.४ ने भागलं की ते साधारण १.०४ येतं. मजकुरात मी मूळ आकडा एककासह ठेवते आणि रूपांतर कंसातल्या टिपेत. मूळ काढून रूपांतरच ठेवलं तर डॉक्टरांना कागद ताडून बघता येत नाही.

शेवटची फेरी दोघांची. एक ओळखीचा, व्हिएतनामी न येणारा, मूळ कागद आणि माझा तक्ता शेजारी ठेवून फक्त आकडे ताडतो. त्याला भाषा येत नाही हे बरंच, तो अर्थ लावत बसत नाही. मग काकूंना तक्ता देऊन विचारलं, उद्या सकाळी डब्यात काय काय टाकाल? त्यांनी पॅन्टोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, बाकीच्या नाश्त्यानंतर, असं न अडखळता सांगितलं. बिसोप्रोलॉलपाशी थांबून म्हणाल्या, “ही कापायला सुरी घेऊ की येते हातानं तुटून?” गोळीवर मधोमध रेघ होती. मी ते तक्त्यात नाही लिहिलं, दुकानदाराला दाखवून घ्या म्हटलं.