गळ्याभोवती नाळेचा वेढा: सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्यावर या चुका टाळा

नववा महिना लागताना बाळाची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी होते. रिपोर्टमध्ये बाळाचं वजन, पाणी, वार कुठे आहे हे सगळं व्यवस्थित असतं आणि शेवटी एक ओळ असते: गळ्याभोवती नाळेचा एक वेढा दिसतो. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि आमच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत घरात सिझरची तारीखही ठरलेली असते. नवी मुंबईत गर्भवतींना तपासताना मला हे इतकं नेहमीचं झालंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायला हवंच होतं.

गळा म्हटलं की फास, हा पहिला घोटाळा

‘गळ्याभोवती’ हा शब्द वाचून डोळ्यांसमोर श्वास कोंडणारं बाळ येतं. पण पोटातलं बाळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही. त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, पातळ द्रव असतो. प्राणवायू येतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्गे, नाळेतल्या रक्तवाहिनीतून. त्यामुळे गळा आवळून श्वास बंद होण्याचा प्रश्न तिथे नसतो. प्रश्न एवढाच, की नाळ स्वतः दाबली जाते का, आणि दाबली गेली तर किती वेळ.

नाळेची रचनाच दाब सोसण्यासाठी झालेली आहे. आत तीन रक्तवाहिन्या असतात. एक बाळाकडे रक्त आणते, दोन परत नेतात. त्यांच्याभोवती जेलीसारखा चिकट, लवचिक थर असतो आणि अख्खी नाळ जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीसारखी पिळदार असते. एखादा सैल वेढा मानेवर आला तरी आतला प्रवाह सहसा चालूच राहतो.

‘माझ्याच बाळाला का?’

कारण नाळ लांब असते आणि बाळ हलतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण 50 ते 60 सेंटीमीटर भरते, म्हणजे जवळपास बाळाच्याच लांबीएवढी. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटात जागा आणि पाणी भरपूर असतं, बाळ कोलांट्या मारत असतं, आणि तेव्हा वेढे पडतात तसे सुटतातही. पुढे जागा कमी होत गेली की काही वेढे तसेच राहतात. जन्माच्या वेळी साधारण चारपैकी एका बाळाच्या मानेभोवती नाळ असते. ठाण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात एका दिवसात आठ बाळं जन्मली, तर त्यात दोघांच्या गळ्यात वेढा निघाला यात कुणाला नवल वाटत नाही. लेबर रूममधल्या सिस्टर तो बोटाने सोडवतात आणि पुढच्या कामाला लागतात. बहुतेकदा आईला सांगायचंही राहून जातं.

याचा दोष आईवर टाकणं मात्र बंद करा. हात वर करून दोरीवर कपडे वाळत घातले, लोकर विणली, कूस बदलताना उठून न बसता तशीच वळली, यातल्या कशाचाही नाळेशी संबंध नाही. आईचे खांदे आणि गर्भाशयातली नाळ यांना जोडणारं काही शरीरात नाहीच. वाशी-नेरूळ भागात दक्षिणेकडची बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या काही घरांत असं मूल मामाला जड जातं असं मानतात आणि मामाने बाळाचा चेहरा आधी तेलात पाहायचा असतो. तेल पाहायला माझी हरकत नाही, मामाने त्यासाठी घाबरू नये एवढंच.

पुन्हा पुन्हा सोनोग्राफी

आठवड्याने ‘सुटला का बघू’ म्हणून दुसरी सोनोग्राफी, मग दुसऱ्या सेंटरवर तिसरी. कलर डॉप्लरवर वेढा चांगला दिसतो हे खरं. पण तो सैल आहे की घट्ट, आणि कळांमध्ये कसा वागेल, हे त्यातून खात्रीने सांगता येत नाही. आज दिसलेला वेढा उद्या नसू शकतो आणि आज नसलेला परवा पडू शकतो. डाव्या कुशीवर झोपून, मांजरीसारखं वाकून किंवा पोटाला मालिश करून तो सोडवता येत नाही. मालिश तर करूच नका.

मग आम्ही रिपोर्टमध्ये काय बघतो? बाळाची वाढ वयाप्रमाणे आहे का, पाणी पुरेसं आहे का, नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे. वाढ खुंटलेली असेल, पाणी कमी असेल किंवा मानेभोवती दोन-तीन वेढे असतील, तर तुमच्या डॉक्टर जास्त बारकाईने लक्ष ठेवतील. एकच वेढा आणि बाकी सगळं ठीक, तर तुमची तपासणी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणेच चालते.

‘मॅडम, रिस्क नको, सिझरच करा’

ऐरोलीचं एक जोडपं छत्तिसाव्या आठवड्यात असाच रिपोर्ट घेऊन आलं. पहिलं बाळंतपण, बीपी-शुगर ठीक, बाळाचं डोकं खाली. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या जावेच्या सुनेचं याच्यामुळेच सिझर झालं.” मी विचारलं, ऑपरेशनचं कारण फाइलवर काय लिहिलंय? ते कुणाला माहीत नव्हतं.

इथे मोठी गफलत होते. चारातल्या एका बाळाला वेढा असतो, म्हणजे ज्या बाळांचं सिझर भलत्याच कारणाने होतं त्यांच्यातही चारातल्या एकाला तो सापडणारच. डोकं खाली सरकत नव्हतं म्हणून ऑपरेशन होतं, बाळ बाहेर काढताना मानेवर नाळ दिसते आणि घरी सांगताना तेच कारण होऊन बसतं. बाळ दगावल्यावरही अनेकदा असंच होतं. समोर दिसणाऱ्या वेढ्यावर बोट ठेवलं जातं आणि वाढ, वार, आईचं बीपी, संसर्ग यांचा शोध तिथेच थांबतो. पुढच्या गरोदरपणासाठी तो शोध महत्त्वाचा असतो.

त्या मुलीला एकोणचाळिसाव्या आठवड्यात आपोआप कळा सुरू झाल्या. दाखल झाल्यावर वीस मिनिटं ठोक्यांचा आलेख काढला. मूळ गती मिनिटाला 140 च्या आसपास, म्हणजे 110 ते 160 या नेहमीच्या पट्ट्यात, आणि बाळ हललं की ठोके वाढत होते. पिशवीचं तोंड आठ सेंटीमीटर उघडल्यावर काही कळांत ठोके एकदम 90 पर्यंत उतरून अर्ध्या मिनिटात पूर्ववत होऊ लागले. कळ आली की नाळ थोडी दाबली जाते, कळ ओसरली की सुटते, त्याची ही खूण. आम्ही तिला डाव्या कुशीवर वळवलं, आलेख सलग चालू ठेवला. दोन उतरणींच्या मधली गती चांगली होती, म्हणून थांबलो. उतरणी लांबत गेल्या असत्या, ठोके वर यायला वेळ लागू लागला असता किंवा मधल्या काळातला आलेख सपाट झाला असता, तर लगेच सिझर केलं असतं, आणि तेही वेढ्यामुळे नाही, आलेखामुळे. बाळाचं डोकं बाहेर आल्यावर सैल वेढा डोक्यावरून काढला. बाळ लगेच रडलं.

म्हणून रुग्णालय निवडताना ‘वेढा असेल तर सिझर करता का?’ हे विचारू नका. विचारा, ‘कळा चालू असताना ठोके किती वेळाने तपासता, सलग आलेखाचं मशीन आहे का, आणि रात्री गरज पडली तर ऑपरेशनची टीम किती वेळात उभी राहते?’

हालचाल कमी झाली तरी वाट बघणं

मला खरी काळजी वाटते ती या चुकीची, आणि ती वेढा असलेल्या-नसलेल्या सगळ्यांसाठी सारखीच आहे. ‘डॉक्टर म्हणाल्या घाबरायचं नाही’ म्हणून हालचाल मंदावली तरी घरी बसणं. किंवा ‘दिवस भरले की बाळ कमीच हलतं’ हा समज. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलतो, उड्यांऐवजी ढुशा आणि सरकणं जाणवतं, पण हालचाल कमी व्हायला नको.

आपल्या बाळाची रोजची सवय आईलाच सर्वांत चांगली माहीत असते. त्यापेक्षा कमी वाटलं तर जेवून डाव्या कुशीवर शांत पडा आणि फक्त हालचालीकडे लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा मोजूनही काहीतरी वेगळं वाटत राहिलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. बाळ अजिबातच हलत नसेल तर ते दोन तासही थांबू नका. साखरेचं पाणी पिऊन, सकाळपर्यंत बघून वेळ घालवू नका. घोडबंदर रोडच्या आतल्या भागात राहणाऱ्यांनी संध्याकाळची गर्दी गृहीत धरून अर्धा तास आधीच निघावं. ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकायचं छोटं यंत्र विकत घेऊ नका. त्यात आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा वाटू शकतो, आणि ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असंही नसतं.

पाणमोट फुटून नाळच बाहेर आल्यासारखी वाटली तर ती वेगळी आणि खरी आणीबाणी आहे. गुडघे-कोपरांवर, कंबर वर, डोकं खाली अशा स्थितीत राहून लगेच अँब्युलन्स, 108.

‘पटकन कापा ना नाळ!’

प्रसूतीच्या वेळी नवरा सोबत असला तर कधी कधी हे ओरडणं ऐकू येतं. सैल वेढा डोक्यावरून निघतो. जरा घट्ट असेल तर खांद्यांवरून सरकवता येतो. तेही जमलं नाही तर बाळाचं डोकं आईच्या मांडीजवळ धरून अंग कोलांटीसारखं बाहेर येऊ देतात आणि मग नाळ सोडवतात. आधीच चिमटे लावून कापणं हा शेवटचा उपाय. याला कारण आहे. नाळ दाबली गेली की बाळाकडे रक्त आणणारी पातळ भिंतीची वाहिनी आधी चेपते, पण परत नेणाऱ्या वाहिन्या चालू राहतात. त्यामुळे बाळाचं थोडं रक्त वारेतच अडकलेलं असू शकतं. नाळ लगेच न कापता थोडी थांबवली तर ते परत यायला वाव मिळतो. खांदे बाहेर यायच्या आधीच कापली आणि ते अडकले, तर बाळाचा पुरवठा तेवढा वेळ पूर्ण बंद.

घट्ट वेढा असलेल्या बाळाचा चेहरा कधी निळसर, सुजलेला दिसतो, गालांवर-कपाळावर बारीक लाल ठिपके असतात, आणि बाकीचं अंग मात्र गुलाबी. फोटो पाठवण्याआधी एवढं बघून घ्या, नाहीतर नातेवाईकांचे फोन थांबणार नाहीत. ठिपके काही दिवसांत आपोआप मावळतात, त्यावर काही लावायचं नाही. पण ठिपके छाती-पोट-पायांवर पसरलेले असतील, नवीन येत असतील, ओठ आणि जीभ निळी असेल किंवा बाळ फिकट, मलूल दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा आणि जन्मावेळी वेढा घट्ट होता हेही त्यांना सांगा.