फुगलेली बॅटरी: टाचणी नको, चार्जर नको, कचऱ्याचा डबाही नको

ठाण्यात नौपाड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात ढोकाळीहून एक काका फोन घेऊन आले. म्हणाले, "कव्हर उचकटलंय, जरा फेविक्विक लावून द्या." काचेच्या काउंटरवर फोन ठेवला, एका कोपऱ्यावर बोट दाबलं, तर तो डुलायला लागला. मागचा भाग मधोमध वर आला होता आणि स्क्रीनच्या कडेने आतला उजेड रेघेसारखा दिसत होता. बॅटरी फुगली होती.

फोन चार वर्षांचा. नवीन घेतल्यावर काकांनी जुना पश्चिमेच्या खिडकीत, ग्रिलला बांधून कॅमेरा म्हणून लावला होता. चौदा महिने चार्जर एकदाही काढला नाही. "शंभर टक्के झाल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं ना?" त्यांनी विचारलं. थांबतं, पण बॅटरी जरा उतरली की पुन्हा भरतं, त्यामुळे ती सतत काठोकाठ भरलेल्या अवस्थेतच राहते. अशा वेळी सेलचं व्होल्टेज ४.२ ते ४.४ च्या आसपास असतं. सेलमधलं द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, एवढ्या व्होल्टेजला हळूहळू विघटित होतं आणि वायू तयार होतो. खिडकीतलं दुपारचं ऊन आणि कॅमेरा चालू असल्याने फोनची स्वतःची गरमी मिळाली की हे काम कितीतरी वेगाने होतं. फोनची बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ थरांची सीलबंद पिशवी. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पिशवी फुगते.

लोक फसतात ते यापुढे. काकांचा फोन चालू होता, टक्केवारी नीट दाखवत होता. मीटर लावला असता तर व्होल्टेजही बहुधा ठणठणीत आलं असतं. चार्जिंगचं सर्किट व्होल्टेज, करंट आणि तापमान पाहतं. पिशवीत किती वायू साठलाय ते त्याला कळत नाही. बॅटरी हेल्थचा आकडाही साठवणक्षमता सांगतो, फुगवटा नाही. ८५ टक्के हेल्थ असलेली बॅटरी फुगू शकते आणि ७० टक्क्यांची सपाट राहू शकते. म्हणून नियम सोपा ठेवा: क्षमता कमी झाली तर बदलायची घाई नाही, पण डोळ्यांना फुगवटा दिसला की त्याच दिवशी बॅटरी निवृत्त. "थोडीच फुगलीय" असा प्रकार नसतो.

काकांच्या भाच्याने आदल्या रात्री टाचणी टोचून हवा काढायची म्हटलं होतं. नशीब, टाचणी मिळाली नाही. आतली दोन टोकं काही मायक्रॉन जाडीच्या पडद्याने वेगळी ठेवलेली असतात. टाचणी तो पडदा फाडते, शॉर्ट होतो आणि सेल काही क्षणांत पेट घेऊ शकतो. कव्हर दाबून पुन्हा बसवणं, वर वजन ठेवणं हाही तोच धोका. "आधी आतले फोटो कॉपी करून घेतो" म्हणून चार्जिंगला लावणं तर नकोच. फोटो बॅटरीत नसतात. नवी बॅटरी बसली की सगळे जागेवर मिळतात.

घरी लक्षात आलं तर चार्जर काढा, फोन बंद करा आणि लादीवर किंवा वाळू घातलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आजूबाजूला पडदा, गादी नको. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला तर पिशवी फुटलीय असं समजा, हात लावू नका, खिडक्या उघडा. धूर दिसला तर खोलीबाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

आमच्या धंद्यातलीही एक चूक सांगतो. बॅटरी चिकटपट्टीने घट्ट बसलेली असते, आणि काही कारागीर ती हीट गनने तापवून लोखंडी पातीने उचकटतात. फुगलेल्या सेलला हे दोन्ही वर्ज्य. मी कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडतो, दहा मिनिटं थांबतो आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने सावकाश सोडवतो. काकांची बॅटरी निघाली तेव्हा मधोमध जवळपास दुप्पट जाड झाली होती.

काढलेली बॅटरी घंटागाडीत देऊ नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडे देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, पण फुगलेली असल्याचं आधी सांगा. कुरिअरने मात्र पाठवू नका. मी कनेक्टरवर टेप लावून वाळूच्या डब्यात ठेवतो आणि ई-कचरा नेणारा माणूस आला की त्याच्या हातात देतो.

काकांना कॅमेरा हवाच होता. नव्या बॅटरीसोबत टायमर सॉकेट दिलं, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच चार्जिंग होईल असं लावून. फोनही खिडकीतून काढून सावलीत, दाराच्या चौकटीवर बसवला.