पीकविम्याचे पैसे 'जमा' दाखवतात, पण पासबुकात नाहीत?

आधी एक गोष्ट पक्की करा: थकलंय ते विम्याचं की अतिवृष्टीच्या मदतीचं? विमा असेल तर तालुका कृषी कार्यालय आणि विमा कंपनीचा तालुका प्रतिनिधी. शासनाची मदत असेल तर तलाठ्याकडची यादी, त्यातला तुमचा विशिष्ट क्रमांक, आणि सेवा केंद्रात ई-केवायसी. चुकीच्या दारात गेलात तर दिवस वाया जातो.

इथे विम्याचंच बोलू. आमच्या मामांची येवल्याकडे मक्याची दोन एकर. भरलेली पावती हाताशी होती, म्हणून pmfby.gov.in वर Application Status मध्ये पावतीवरचा क्रमांक टाकला. (पावती हरवली असेल तर 14447 या हेल्पलाइनवर विचारता येतं.) दावा मंजूर, पैसे पाठवले असं दिसलं. सोसायटीच्या खात्यात मात्र दमडी नाही. बँकेत विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "आधार लिंक आहे की काका."

गोम इथेच आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि अनुदानासाठी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेकडे, त्या बँकेची नोंद असणं वेगळं. आधारवर येणारा पैसा अर्जावरचा खाते क्रमांक बघत नाही. नोंद ज्या बँकेची, तिकडे जातो. एका आधारला अशी एकच बँक, आणि शेवटची नोंद आधीची पुसते.

हे घरबसल्या कळतं. myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, Bank Seeding Status उघडा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो, तेवढं बघा. मामांच्या नावापुढे भलत्याच बँकेचं नाव आलं. आठवण काढता काढता मामी म्हणाल्या, "ते सिमकार्डाच्या दुकानात अंगठा देऊन खातं उघडलं होतं ना तुम्ही?" तेच. पैसे तिथे पडून होते, तिथूनच काढले.

तुमचंही असंच निघालं तर आधी त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. पुढचे पैसे सोसायटीच्या खात्यात हवे असतील तर सोसायटीचं खातं असलेल्या शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे याच नोंदीचा, अर्ज द्या आणि पोच घ्या. "डीबीटीसाठी मॅप करा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसती केवायसी करून देतात. आठवड्याभराने तेच पान पुन्हा उघडून बघा.

पान Inactive दाखवत असेल, किंवा नोंद बरोबर असूनही पैसे कुठेच नसतील, तर ते परत फिरलेले असू शकतात. तेव्हा विम्याची पावती, पासबुकाचं पहिलं पान, आधार आणि सातबारा यांच्या प्रती जोडून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या. कंपनीच्या प्रतिनिधीकडे एक गोष्ट मागा: यूटीआर क्रमांक, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक. पैसे गेले असतील तर तो असतो, आणि तो घेऊन बँकेत गेलात की "आमच्याकडे आलेच नाहीत" असं म्हणून बोळवण करता येत नाही.