वयस्कर माणसांच्या अंगाचा वास: साबण वाढवण्याआधी या चुका टाळा

आजोबा रोज आंघोळ करतात, कपडे रोज बदलतात, तरी त्यांच्या खोलीत शिरलं की एक विशिष्ट वास येतो. थोडा तेलकट, थोडा खवट, जुन्या कपाटासारखा. घरातले लोक आधी तो सहन करतात, मग कुजबुजतात, आणि शेवटी कुणीतरी कडक साबण आणून न्हाणीघरात ठेवतं. बहुतेक घरांत पहिली चूक तीच असते.

हा वास अस्वच्छतेचा नाही. जपानमधल्या शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी 2001 साली याचं एक कारण दाखवून दिलं. 26 ते 75 वर्षांच्या लोकांच्या अंगाचा वास त्यांनी तपासला. त्यात 2-नॉनेनाल नावाचा पदार्थ फक्त चाळिशी आणि त्यापुढच्या माणसांच्या अंगावर सापडला. वय वाढतं तसं त्वचेवरच्या स्निग्धांशाची घडण बदलते. त्यातल्या काही स्निग्धाम्लांचा हवेशी संयोग झाला की हा पदार्थ तयार होतो. जुने शेंगदाणे खवट होतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. घामाचा वास बगलेत जिवाणूंमुळे तयार होतो, हा मात्र त्वचेवरच्या तेलातून येतो. म्हणून तो मान, कानामागची जागा, छाती, पाठ आणि डोकं इथे जास्त जाणवतो, आणि बगलेला डिओडरंट फवारून जात नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या तरुणांनी ऐकायला हवी. 2012 साली अमेरिकेत वास आणि चव यांचा अभ्यास करणाऱ्या मोनेल केंद्राच्या संशोधकांनी तरुण, मध्यमवयीन आणि 75 ते 95 वयाच्या लोकांच्या बगलेत रात्री कापडी पट्ट्या ठेवल्या आणि कुणाची पट्टी कोणती हे न सांगता इतरांना वास घ्यायला लावला. म्हाताऱ्यांचा वास सगळ्यात सौम्य आणि कमी त्रासदायक ठरला. मध्यमवयीन पुरुषांचा वास लोकांना जास्त नकोसा वाटला! आजोबांच्या वासाबद्दल तक्रार करणाऱ्या पन्नाशीच्या चिरंजीवांनी हे लक्षात ठेवावं.

चूक पहिली: साबण आणि कढत पाणी वाढवणं

सांगलीकडच्या एका घरातला प्रकार सांगते. 82 वर्षांचे आजोबा, मधुमेह आहे, पण हिंडते-फिरते. थंडीत वास वाढला म्हणून सुनेने दिवसातून दोनदा आंघोळ सुरू केली. बंबाचं कढत पाणी, जंतुनाशक साबण आणि पाठ घासायला काथ्या. काही दिवसांत नडग्यांवर आणि पाठीवर पांढरी साल निघू लागली, रात्रभर खाज. वास मात्र होता तिथेच.

म्हातारपणी त्वचा पातळ होते आणि तिचं स्वतःचं तेल कमी होतं. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, तो उरलंसुरलं रक्षक तेलही काढून नेतो. कोरडी त्वचा खाजते, खाजवल्यावर ओरखडे पडतात, आणि मधुमेह असलेल्या माणसाला ओरखडा परवडत नाही.

आपल्याकडे आंघोळीशिवाय देवपूजा नाही, कित्येक आजी-आजोबा त्याआधी चहाही घेत नाहीत. तेव्हा ‘एक दिवसाआड आंघोळ करा’ हा सल्ला त्यांना पटणार नाही आणि त्याची गरजही नाही. रोज कोमट पाणी अंगावर घ्यावं, साबण फक्त लागेल तिथे लावावा: मान, कानामागे, बगला, जांघा, पार्श्वभाग, पावलं. हातपाय आणि पोटाला बहुतेक दिवस नुसतं पाणी पुरतं. पाठ आणि छातीला आठवड्यातून दोनतीनदा साबण लावला तरी चालतो. दुकानात कमी क्षाराचे, साबणविरहित बार मिळतात, ते बरे. आंघोळ पाच-सात मिनिटांत उरकावी, अंग टिपून घ्यावं, आणि ते ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं.

तेलाबद्दल थोडं वेगळं. तिळाचं किंवा सरसूचं तेल चोळून घ्यायची सवय असेल तर ते अंगावर तसंच ठेवून झोपू देऊ नका. ही तेलं हवेत खोबरेलापेक्षा लवकर खवट होतात आणि त्यांचा वास माणसाच्या नावावर जमा होतो. खोबरेल फार हळू खवट होतं. चोळणं सकाळी आणि त्यावर आंघोळ, हा जुना क्रम बरोबरच होता. फक्त तेलकट पावलांनी न्हाणीघराच्या फरशीवर पाठवू नका, आधी पाय पुसा.

चूक दुसरी: माणूस धुणं आणि कापड विसरणं

त्या घरात वास कुठे होता ते शोधायला फार वेळ लागला नाही. आंघोळ झाल्यावर आजोबांच्या मानेला वास जवळजवळ नव्हता. मग एकेक वस्तू नाकाशी धरली. उशी: हो. आरामखुर्चीच्या कापडाचा वरचा, डोकं टेकायचा भाग: सगळ्यात जास्त. कानटोपी आणि दिवाळीपासून न धुतलेला स्वेटर: हो. ताजं अंग रोज त्याच स्वेटरमध्ये जात होतं.

2-नॉनेनाल पाण्यात नीट विरघळत नाही. अंगावरचं तेल कापडात मुरतं, तिथेच खवट होत राहतं, आणि थंड पाण्यात मशिनच्या छोट्या फेरीत धुतलं तर बरंचसं तिथेच उरतं. त्यावर फॅब्रिक कंडिशनर घातला तर धाग्यावर आणखी एक थर बसतो. पॉलिस्टरचे कपडे सुतीपेक्षा तेल घट्ट धरतात, म्हणून नेहमीच्या वापरात सुती बंडी, सुती ब्लाउज, सुती अभ्रे असावेत.

धुण्याची पद्धत सोपी आहे. पांढरे आणि पक्क्या रंगाचे सुती कपडे हाताला चांगलं गरम लागेल अशा पाण्यात भिजवा. बादलीभर पाण्याला नेहमीची पावडर आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पुरे. तासभर ठेवा, कॉलर आणि मानेकडची बाजू चोळा, दोनदा खळबळा, उन्हात वाळवा. सोड्याने हात फाटतात, हातमोजे घाला. लोकर आणि रेशीम यात घालू नका, त्यांना कोमट पाणी आणि लोकरीसाठीचं द्रव डिटर्जंट. अभ्रा दर दोनतीन दिवसांनी बदला. त्याखाली उशीला आणखी एक जाड सुती खोळ घाला, म्हणजे तेल कापसापर्यंत पोचत नाही.

वास गेला की नाही हे वाळलेल्या कपड्यावर नीट कळत नाही. इस्त्री फिरवताना वास घ्या. ऊब लागली की उरलेलं तेल लगेच बोलतं. वास आला तर इस्त्री थांबवा आणि कपडा पुन्हा भिजवा. उशीची खोळ स्वच्छ असूनही वास येत असेल तर तो आत कापसात शिरलाय, उशी बदला. गादीला ऊन दिल्याने ओल जाते, तेल जात नाही.

जपानी पद्धतीचे, पर्सिमन फळाचे टॅनिन म्हणजे तुरट अंश घातलेले महाग साबण हल्ली याच वासासाठी ऑनलाइन मिळतात. हवे तर आणा, पण आधी आरामखुर्चीचं कापड धुवा.

चूक तिसरी: वासावर वास चढवणं

अत्तर, रूम फ्रेशनर, आणि सगळ्यात जास्त टाल्कम पावडर. पावडर घामात मिसळून स्तनांखाली, पोटाच्या घडीत, जांघेत गोळा होते, ओल धरते आणि त्वचा घासते. घडी धुऊन, जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या मऊ तुकड्याने टिपून पूर्ण कोरडी करणं एवढंच पुरतं. घडी सतत ओलसर राहत असेल तर मध्ये तोच कोरडा तुकडा ठेवा आणि दिवसातून दोनतीनदा बदला.

चूक चौथी: प्रत्येक वास ‘वयाचा’ समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर. वयाचा वास वर्षानुवर्षं हळूहळू येतो आणि फारसा बदलत नाही. अचानक आलेला, आंबूस, सडका किंवा गोड वास हा वेगळा प्रश्न आहे.

आजोबांच्या बाबतीत कपडे धुतल्यावर खोलीतला खवट वास गेला, पण जांघेशी आंबूस वास उरला. तिथे लालसर, कडेला बारीक पुळ्या असलेला पट्टा निघाला. बुरशी होती. डॉक्टरांनी मलम दिलं आणि मधुमेहाच्या गोळ्यांची यादी मागितली, कारण डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे गुप्तांगाजवळ बुरशी सहज धरते. असं झालं तर गोळी आपणहून बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायचं असतं. आणि औषधाच्या दुकानातून ‘खाजेचं’ म्हणून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका. लाली दोन दिवस दबते, बुरशी पसरते.

लघवीचा वास येत असेल तर आधी विचारा, पाणी किती पितात? रात्री उठावं लागू नये म्हणून कित्येक आजी दुपारनंतर पाणीच सोडतात. मग लघवी गडद होते आणि एक थेंब कपड्यावर पडला तरी भपकारा येतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर बंधन नसेल तर सकाळ ते संध्याकाळ पाणी वाढवा, झोपण्याआधी कमी करा. नुसत्या वासावरून संसर्ग ठरत नाही. जळजळ, ताप किंवा एकाएकी असंबद्ध बोलणं सोबत असेल तर मात्र डॉक्टर हवेतच. लघवीचे कपडे आधी गार पाण्यात खळबळून घ्या, थेट क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकू नका, त्यातून घातक वायू निघतो.

तोंडाचा वास असेल तर कवळी रात्री काढून घासली जाते का ते बघा. आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल, सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल, तर लगेच रुग्णालयात न्या.

बोलायचं कसं

वयानुसार नाकही मंदावतं, त्यामुळे त्यांना स्वतःचा वास खरोखर येत नसतो. ‘बाबा, वास येतो तुमचा’ हे नातवंडांसमोर ऐकलेला माणूस पुढच्या वेळी खोलीतून बाहेरच येत नाही. बोलणं कापडाकडे वळवा: ‘बाबा, मशिन लावतेय, स्वेटर द्या, हा दुसरा घाला.’ आवडता स्वेटर सोडवत नसेल तर तसाच दुसरा आणा आणि एक अंगात, एक दोरीवर अशी अदलाबदल ठेवा.

हाताने आंघोळ घालावी लागत असेल तर स्टुलावर बसवा, मांडीवर पंचा असू द्या, आणि साबण त्यांच्याच हातात द्या. जांघा-बगला त्यांच्या त्यांना धुता येत असतील तर तुम्ही फक्त पाणी घाला. सुनेसमोर संकोच वाटत असेल तर ते काम मुलाने करावं. आंघोळीची वेळ त्यांना ठरवू द्या. सकाळी सांधे आखडलेले असतात, अशा कितीतरी जणांना अकराची आंघोळ जास्त सोसते.