क्रशने कौतुक केले, आता खट्याळ उत्तर द्यावे की साधे? या चुका टाळा

"काल तू बोलत होतास तेव्हा मी मुद्दे लिहायचेच विसरले," असा संदेश, शेवटी एका हसऱ्या इमोजीसह, जिच्यावर आपले मन आहे तिच्याकडून आला तर त्याला काय उत्तर द्यावे? सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या या वाक्याचे तीन अर्थ सहज निघतात. सादरीकरण खरोखरच चांगले झाले असेल. किंवा तिला मुद्दे हवे असतील आणि ते मागण्याची ही सौजन्याची रीत असेल. किंवा तिचे लक्ष मुद्द्यांपेक्षा बोलणाऱ्याकडे अधिक असेल. तिसरा अर्थ आपल्याला हवा असतो, म्हणून तोच आधी दिसतो. उदाहरण मुलाच्या बाजूने घेतले आहे. बाजू पालटली तरी पुढचे बहुतेक सारे तसेच लागू पडते.

चूक पहिली: वाक्याचा कीस काढणे आणि माणसाची सवय न पाहणे

असे वाक्य दहा वेळा वाचले तरी त्यातून अधिक काही हाती लागत नाही, कारण जे कळायला हवे ते वाक्यात नसतेच. कौतुक नेहमीचे की वेगळे, हे ती इतरांशी कशी बोलते यावरूनच ठरते. जी मुलगी मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर प्रत्येकाच्या फोटोखाली "कमाल!" लिहिते आणि सोबत हृदयांची रांग लावते, तिच्याकडून आलेले हे वाक्य मैत्रीचेच समजावे. उलट जी मोजके बोलते आणि कामाशिवाय सहसा संदेश पाठवत नाही, तिने एरवी काही कारण नसताना दुसऱ्या दिवशी हे लिहिले असेल, तर तेच शब्द वजनदार होतात.

सवयीच्या तुलनेत पाहण्यासारख्या गोष्टी तीन. कौतुक केलेल्या कामाचे आहे की तुमच्या असण्याचे, हे आधी पाहावे. "मांडणी छान होती" आणि "तू बोलतोस तेव्हा ऐकत राहावेसे वाटते" यांत बराच फरक आहे. ते चारचौघांत झाले की खासगीत, हे त्यानंतर. सर्वात महत्त्वाचे म्हणजे त्या कौतुकाला पुढे धागा आहे का, म्हणजे तिने काही विचारले आहे का, किंवा विषय बदलल्यावरही ती त्यावर पुन्हा आली का. आपल्या उदाहरणात कौतुक खासगीत आले आहे, दुसऱ्या दिवशी आठवणीने आले आहे, पण रोख अर्धा कामावर आणि अर्धा माणसावर आहे आणि प्रश्न तर एकही नाही. म्हणजे पारडे किंचित झुकलेले आहे, निकाल लागलेला नाही. इतके कळले, तरी उत्तराची पट्टी ठरवायला पुरेसे होते.

या अंदाजात माणसे दोन्ही बाजूंनी चुकतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक स्त्री आणि एक पुरुष गप्पा मारत होते आणि दुसरी जोडी त्यांना पाहत होती. स्त्रीच्या मोकळ्या वागण्यात पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक मोहक हेतू दिसला. बोलणाऱ्या पुरुषालाही आणि केवळ पाहणाऱ्यालाही. दुसरीकडे जेफ्री हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरचा माणूस खरोखर फ्लर्ट करत असताना ते पुरुषांपैकी सुमारे ३६ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे १८ टक्क्यांनाच ओळखता आले. तो फ्लर्ट करत नव्हता तेव्हा मात्र ८० टक्क्यांहून अधिक जणांचा अंदाज बरोबर ठरला. या दुसऱ्या आकड्यावर फार हुरळून जाऊ नये. अनोळखी माणसांच्या गप्पांत फ्लर्टिंग मुळातच कमी असते, त्यामुळे "नाही" म्हणणारा बहुतेक वेळा बरोबर ठरतो. तरी या दोन अभ्यासांतून एवढे दिसते की "मला ते लगेच कळते" हा आत्मविश्वास फारसा भरवशाचा नाही.

चूक दुसरी: इमोजी, वेळ आणि मित्रांचे मत यांवर भार टाकणे

हसरा इमोजी आज विरामचिन्हासारखा वापरला जातो. रात्री उशिरा आलेला संदेश कदाचित दिवसभर फोन पाहायला सवड न मिळाल्यामुळे उशिरा आलेला असतो, आणि उत्तर दोन मिनिटांत आले याचा अर्थ फोन हातात होता, एवढाच. हे सारे तिच्या नेहमीच्या सवयीपेक्षा ठळकपणे वेगळे असेल तरच मोजावे. स्क्रीनशॉट मित्रांना दाखवणे तर सोडूनच द्यावे. मित्राला तिच्या सवयी माहीत नसतात, तुमची इच्छा मात्र पुरेपूर माहीत असते, त्यामुळे तो तुम्हाला हवे तेच सांगतो. शिवाय तिने खासगीत लिहिलेले वाक्य तिला न विचारता चौघांत फिरते, ते वेगळेच.

चूक तिसरी: तिच्यापेक्षा दोन पट्ट्या वरचे उत्तर देणे

या प्रकरणातली खरी गफलत इथे होते. "मुद्दे लिहायचे विसरले" या वाक्याला "म्हणजे मलाच बघत बसली होतीस वाटतं?" असे उत्तर गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: होकार द्यायचा किंवा नाकारायचे. तिने मैत्रीने लिहिले असेल तर ती अवघडते, आणि तिच्या मनात खरोखर काही असेल तरी ते इतक्या लवकर कबूल करायची वेळ आल्यामुळे ती मागे सरते. योग्य उत्तराची कसोटी सोपी आहे. ते पाठवण्याआधी तिच्या जागी बसून पाहावे की याला साधे उत्तरही सहज देता येते आहे ना, आणि खट्याळ उत्तरही सहज देता येते आहे ना. दोन्ही जमत असेल तर उत्तर योग्य पट्टीत आहे; एकच जमत असेल तर ते एक पाऊल खाली आणावे.

या कसोटीला उतरणारे उत्तर असे असू शकते: "मग मुद्दे पाठवतो, पण पुढच्या वेळी परीक्षा घेईन, हं." यात मुद्द्यांची सोय आहे, म्हणजे तिला खरोखर मुद्देच हवे असतील तर काम झाले. परीक्षेची थट्टा आहे, म्हणजे तिला खेळ पुढे न्यायचा असेल तर दार उघडे आहे. तिच्या रूपाबद्दल किंवा नजरेबद्दल मात्र यात एक अक्षरही नाही. तिच्या संदेशापेक्षा अर्धे पाऊल पुढे जाणे एवढीच मर्यादा पाळावी, आणि पुढचे अर्धे पाऊल तिने उचलल्यावरच आपण पुन्हा हलावे.

हे संदेशात अधिकच कटाक्षाने पाळायचे कारण लेखी थट्टा पोहोचत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ई-मेलमधील उपरोध वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ टक्के वेळाच कळला, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात चालू असतो, तो समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून ज्या वाक्यातला खेळकरपणा केवळ सुरावर अवलंबून आहे, ते समोरासमोरच्या भेटीसाठी राखून ठेवावे.

चूक चौथी: कौतुक झटकून टाकणे

जास्त बोलू नये या धसक्याने काही जण "छे, काहीतरीच काय" किंवा नुसते "थँक्यू" लिहून मोकळे होतात. पहिल्या उत्तरात तिचे मतच खोडून काढले जाते आणि ते पुन्हा पटवून देण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. दुसऱ्यात वावगे काही नाही, पण तिला पुढे बोलायला धागाही उरत नाही. साधे उत्तर म्हणजे कोरडे उत्तर नव्हे. "बरे वाटले ऐकून, शेवटचा भाग जमेल की नाही याची मला धाकधूक होती. तुला तो कसा वाटला?" हे उत्तर पूर्णपणे मैत्रीचे आहे, तरी संभाषण जिवंत ठेवणारे आहे. खात्री नसेल तेव्हा हेच पाठवावे. त्याने काहीही हातचे जात नाही, कारण तिच्या मनात काही असेल तर ती पुन्हा संधी शोधतेच.

चूक पाचवी: नकाराची किंमत कोण मोजणार हे न पाहणे

काही नात्यांत प्रश्न पट्टीचा नसतोच. ती तुमच्या हाताखाली काम करत असेल, तुमच्याकडे शिकत असेल, किंवा ग्राहकाशी गोड बोलणे हा तिच्या नोकरीचाच भाग असेल, तर तिला नाराजी मोकळेपणाने दाखवता येत नाही आणि तिच्या हसऱ्या प्रतिसादावरून काहीच ठरवता येत नाही. तिथे उत्तर साधेच द्यावे. ती दुसऱ्या नात्यात आहे हे ठाऊक असेल तरीही साधेच.

आता उदाहरणातल्या संदेशाकडे वळू. "परीक्षा घेईन" या उत्तराला ती "हाहा, पाठव पाठव" म्हणाली आणि थांबली, तर मुद्दे पाठवावेत आणि थट्टा तिथेच सोडावी. एका थट्टेला प्रतिसाद मिळाला नाही म्हणून दुसरी लावणे म्हणजे न दिलेले उत्तर उकळण्याचा प्रयत्न होतो. "नापास झाले तर शिकवणी लावशील ना?" असे उत्तर आले, तर तिने पाऊल स्वतःहून उचलले आहे. अशा वेळी "शिकवणी कॉफीवर होईल, शनिवारी सवड आहे का?" असे सरळ विचारणे पुढच्या दहा खट्याळ संदेशांपेक्षा बरे, कारण त्याला स्पष्ट हो किंवा नाही मिळू शकते. ती "शनिवारी नाही जमणार" एवढेच म्हणाली आणि दुसरा दिवस सुचवला नाही, तर तो सौम्य नकार समजावा.

आणि उत्तर आधीच वरच्या पट्टीत जाऊन बसले असेल, समोरून एकच शब्द किंवा शांतता आली असेल, तर "अगं, गंमत केली" असे लिहून वेळ मारून नेऊ नये. त्याने तिच्यावरच गंमत न कळल्याचा ठपका येतो आणि अवघडलेपण दुप्पट होते. "माझे उत्तर जरा जास्तच झाले, माफ कर. मुद्दे सोबत जोडले आहेत," इतकेच एकदा लिहावे, मुद्दे खरोखर जोडावेत, आणि त्यानंतरचा संदेश तिच्याकडून येईपर्यंत थांबावे.