व्हेलॉसिटी स्थिर, तरी रिलीजची तारीख पुढे सरकते: उपाय

रिलीज १२० पॉइंटचं, व्हेलॉसिटी २०, म्हणजे अंदाज ६ स्प्रिंट. पण ३ स्प्रिंटनंतर बर्नडाउनवर ६० ऐवजी ८४ पॉइंट शिल्लक!

अर्धवट स्टोरीला अर्धे पॉइंट देऊन पाहिले. व्हेलॉसिटी नुसतीच फुगली. फेरअंदाजानेही वैताग तेवढा वाढला.

उपाय असा: आधी अर्धवट स्टोरीचे पॉइंट शून्य केले. मग प्रत्येक स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले आणि नव्याने शिरलेले पॉइंट वेगळे लिहिले. दर स्प्रिंटला २० पूर्ण होत होते, पण ८ नवे येत होते. निव्वळ घट १२च. एकाच रेषेत ही भर दिसत नाही, टीम मंद वाटते.

आता ८४ ÷ १२ = ७ स्प्रिंट. भर थांबली तर ८४ ÷ २० = ४.२, म्हणजे ५. तारीख सांगताना ५ ते ७ अशीच सांगावी. तीनच स्प्रिंटच्या सरासरीवर एक आकडा ठोकणं धाडसाचं.