क्यू शीट: गडबड होते ती दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत

क्यू म्हणजे दिवा, आवाज किंवा पडदा बदलायचा इशारा, आणि अशा इशाऱ्यांची यादी म्हणजे क्यू शीट. पण क्यू शीट म्हणून बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञांच्या हातात कार्यक्रमपत्रिकाच दिली जाते, फक्त तीत वेळा घातलेल्या असतात. "७:१० नृत्य, ७:१६ निवेदन." या कागदाचा ध्वनी आणि प्रकाशाच्या टेबलावर काडीचाही उपयोग नाही, कारण पहिलंच भाषण लांबलं की पुढच्या सगळ्या वेळा खोट्या ठरतात. क्यू घड्याळावर बांधायचा नसतो. रंगमंचावर दिसेल किंवा ऐकू येईल अशा खुणेवर बांधायचा: शेवटचा ठेका, निवेदकाचं ठरलेलं वाक्य, गायिकेचं विंगेतून बाहेर पडणं.

रकाने पाच पुरेत: क्रमांक, खूण, प्रकाश, ध्वनी, पडदा. प्रकाशाच्या क्यूंना आकडे द्या आणि ध्वनीच्या क्यूंना अक्षरं, म्हणजे हेडसेटवर "बारा" ऐकून दोघंही हात हलवणार नाहीत. आयत्या वेळी नवा क्यू घुसला तर १२अ करा, सगळे क्रमांक बदलू नका. अक्षरं मोठी ठेवा, टेबलावर अंधार असतो. ट्रॅकच्या फाइलींना क्यूचंच अक्षर द्या.

आता खरी अडचण. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होतो तेव्हा पडदा, माईक, संगीत आणि दिवे एकाच वेळी बदलतात. ही जागा मलाही बराच काळ छळत होती. "नृत्य संपल्यावर पडदा, मग निवेदन" ही एक ओळ लिहून लोक मोकळे होतात आणि प्रयोगात निवेदकाचा माईक बंद, मागे टेबल सरकवल्याचा आवाज, पडदा अर्धा उघडलेला, असं सगळं एकदम होतं.

म्हणून आधी पडदा मोजा. बंद व्हायला किती सेकंद, उघडायला किती, हे तालमीच्या दिवशी घड्याळ लावून दोनदा बघा. तालमीत ज्याने पडदा ओढला त्यानेच प्रयोगात ओढावा, नाहीतर मोजमाप वाया.

समजा, समूहनृत्यानंतर निवेदन आहे आणि मग गाणं. पडदा उघडायला ८ सेकंद लागतात. गाण्याच्या ट्रॅकचं सुरुवातीचं वाद्यसंगीत १२ सेकंदांचं आहे. मग क्यू असे पडतील:

२१: नर्तक शेवटच्या पोझमध्ये स्थिर. टाळ्या सुरू झाल्या की पडदा बंद.
२२: पडदा पूर्ण मिटला की रंगमंचाचे दिवे खाली, समोरचा दिवा निवेदकाच्या जागी.
ट: निवेदक विंगेतून पाऊल टाकतात त्याच क्षणी त्यांच्या माईकचा चॅनल १ उघडा. बोलायला लागल्यावर नव्हे, तेव्हा पहिला शब्द गेलेला असतो.
२३: निवेदनाच्या शेवटच्या वाक्याआधीचं वाक्य ऐकू येताच पडद्यामागचे दिवे हळूहळू वर. अंधारावर पडदा उघडणं बघवत नाही.
ठ: शेवटचं वाक्य. चॅनल १ बंद, पडदा आणि ट्रॅक एकदम, समोरचा दिवा ३ सेकंदांत खाली.
ड: ट्रॅक सुरू झाल्यावर १० सेकंदांनी गायिकेचा चॅनल २ उघडा.

इथे संगीत पडद्यापेक्षा ४ सेकंद जास्त आहे, म्हणून दोन्ही एकत्र चालतात. तेच संगीत ५ सेकंदांचं असतं तर गायिका गायला लागेल तेव्हा पडदा पूर्ण उघडलेलाच नसता. तेव्हा पडदा आधी, ट्रॅक साधारण ५ सेकंद मागाहून, आणि चॅनल २ ट्रॅकच्या सुरुवातीलाच. हा हिशोब प्रत्येक जोडणीला वेगळा करावा लागतो, त्याला आखूड वाट नाही.

दोन गोष्टींवर मी हट्ट धरतो. एक, निवेदकाकडून शेवटची दोन वाक्यं लिहून घ्या आणि ती बदलणार नाहीत असं कबूल करून घ्या. मध्ये हवं तेवढं बोलू दे. दोन, पडद्यामागून "तयार" असा निरोप आल्याशिवाय क्यू ठ द्यायचा नाही. शीटवर त्याच ओळीत तसं लिहा, आणि उशीर झाला तर निवेदकाने बोलायची दोन जादा वाक्यंही शेजारीच लिहून ठेवा. ती वाक्यं शेवटच्या दोन वाक्यांच्या आधीच यायला हवीत, नाहीतर टेबलावरचा माणूस फसतो.

क्यू देताना आधी "ठ, तयार" म्हणा, समोरून होकार आला की "ठ, गो." "गो" सर्वांत शेवटी, कारण हात त्या शब्दावर हलतो. इतर बोलण्यात तो शब्द हेडसेटवर काढूच नका.

तालमीत सगळा कार्यक्रम चालवायला वेळ नसेल तर फक्त या मधल्या जागा चालवा: नृत्याची शेवटची दहा सेकंदं, निवेदनाची शेवटची दोन वाक्यं, गाण्याची पहिली ओळ. पेन्सिल जवळ ठेवा आणि बदल तिथल्या तिथे विंगेतल्या प्रतीवरही करा.